समुद्राचं मीठ, मग आयोडीन कुठे गेलं?

ऐरोली पुलावरून मुलुंडला जाताना खाली मिठागरं दिसतात. आमच्या ऑफिसमधला एक मित्र तिथून जाताना हमखास म्हणतो, "पाकिटातलं कशाला घ्यायचं? जाडं मीठ थेट समुद्रातून येतं, त्यात आयोडीन असणारच."

चला, हिशोब करूया. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि आयोडीन ५० ते ६० मायक्रोग्रॅम. समजा, सगळं आयोडीन मिठात उतरलं. तरी १० ग्रॅम मिठातून जेमतेम १४ ते १७ मायक्रोग्रॅम मिळेल. मोठ्या माणसाची रोजची गरज आहे १५०. प्रत्यक्षात तेवढंही उतरत नाही, कारण मिठाचे खडे जमतात तेव्हा आयोडीन बहुतेक उरलेल्या कडू पाण्यातच राहतं. सैंधवाचीही गत वेगळी नाही.

आयोडीन कमी पडलं की थायरॉईडला हार्मोन बनवता येत नाही. मेंदूकडून "अजून बनव" असा सिग्नल येत राहतो आणि ग्रंथी फुगते. तोच गलगंड. पण गळा दिसतो म्हणून आपण घाबरतो. खरं नुकसान गरोदरपणात होतं, बाळाच्या मेंदूचं.

मिठातून आयोडीन दिल्याने फरक पडतो, हे आपल्याच देशात तपासलं गेलं. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तीन विभाग केले. दोघांना आयोडीनचं मीठ, एकाला साधं. पाचेक वर्षांत पहिल्या दोन विभागांत गलगंड बराच उतरला, तिसऱ्यात नाही. मग १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

मीठच का? कारण गरीब-श्रीमंत सगळे ते रोज जवळपास तेवढंच खातात. आपल्याकडे त्यात पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण दमट हवेत ते टिकतं. नियम असा, की गिऱ्हाइकापर्यंत पोचताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवं. म्हणजे १० ग्रॅममध्ये १५० मायक्रोग्रॅम. बरोबर बसलं ना? आता, १० ग्रॅम मीठ खा असं मी म्हणत नाहीये, बीपीवाल्यांनी तर नाहीच. दूध, अंडी, मासळी यांतूनही आयोडीन मिळतं.

आणि जास्त झालं तर? रोज ११०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. जेवणातल्या मिठाने तिथवर पोचणं अवघड. पण ऑनलाइन मिळणाऱ्या केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या गोळ्या वेगळ्या. वाळलेल्या शेवाळाच्या एका ग्रॅममध्येच कधीकधी ही मर्यादा ओलांडली जाते. अशाने थायरॉईड मंदावू शकतो किंवा उलट भडकू शकतो. घरात कुणाला आधीच थायरॉईडचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या मागवू नका.

पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह असतं, ते आयोडीनयुक्त मिठाचं. आणि बरणीचं झाकण घट्ट लावा, गॅसच्या शेजारी ठेवू नका.