बटण आणि पडदा यांच्यामधला विलंब

एका घरातला प्रसंग आहे. दिवाणखान्यात नवा, मोठा दूरचित्रवाणी संच आला. घरातला तरुण मुलगा त्यावर क्रिकेटचा खेळ खेळू लागला आणि पहिल्याच दिवशी हिरमुसला. जुन्या लहान संचावर सहज सीमापार जाणारे चेंडू आता एकामागून एक यष्ट्यांवर आदळत होते. चेंडू बॅटपाशी येताच तो बटण दाबी. बॅट मात्र चेंडू निघून गेल्यावर फिरे. कंट्रोलर बिनतारी, तेव्हा दोष त्याचाच, असे ठरवून तो तारेचा कंट्रोलर विकत घ्यायला निघाला. त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला थांबवले. पैसे खर्चण्यापूर्वी विलंब मोजून तर पाहू, असे तिचे म्हणणे होते.

बटण दाबल्यापासून बॅट हलताना दिसेपर्यंत तीन टप्पे पडतात. कंट्रोलर कन्सोलला निरोप देतो. कन्सोल त्यावरून नवे चित्र रचतो. आणि संच ते चित्र पडद्यावर उमटवतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राच्या वाट्याला सुमारे १७ मिलिसेकंद येतात. बिनतारी निरोपाला वेळ लागतो हे खरे. पण चांगल्या कंट्रोलरच्या बाबतीत तारेचा आणि बिनतारी निरोप यांतला फरक बहुधा थोड्याच मिलिसेकंदांचा असतो.

संचाची गोष्ट निराळी. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून तो दोन चित्रांच्या मध्ये स्वतः रचलेले एक चित्र घालतो. पुढचे चित्र हाती आल्याशिवाय मधले कसे रचणार? म्हणून आलेले चित्र त्याला रोखून धरावे लागते. शिवाय रंग खुलवणे, ठिपके पुसणे हे संस्कार होतातच. चित्रपट पाहताना हा उशीर जाणवत नाही, कारण ध्वनीही तेवढाच मागे ठेवता येतो. खेळणाऱ्याचे बोट मात्र मागे ठेवता येत नाही. ‘गेम मोड’ लावला की यांतले बहुतेक संस्कार वगळले जातात.

बहिणीने मोजणी केली ती घरातल्याच साधनाने. काही मोबाइलच्या कॅमेऱ्यांना सेकंदाला २४० चित्रे टिपता येतात. म्हणजे एक चित्र सुमारे ४ मिलिसेकंदांचे. बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा मोबाइल तिने टेकवून ठेवला, आणि बटण पूर्ण दाबले गेल्यापासून बॅट हलेपर्यंतची चित्रे एकेक करून मोजली. एकाच मोजणीवर विसंबता येत नाही, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी काढली. ती ४० चित्रे, म्हणजे सुमारे १६७ मिलिसेकंद भरली. मग कंट्रोलर तोच ठेवून संचाचा गेम मोड लावला. सरासरी २० चित्रांवर, म्हणजे ८३ मिलिसेकंदांवर आली. या ८३ मध्ये खेळाचा स्वतःचा वेळही धरलेला आहे. पण दोन मोजण्यांत बदलला तो केवळ संचाचा मोड. तेव्हा वाचलेला सर्व वेळ संचाचाच होता.

मग शेजाऱ्यांकडून तारेचा कंट्रोलर आणून पाहिला. सरासरी १९ चित्रे आली. एका चित्राचा हा फरक मोजणीतल्या चुकीएवढाच असल्याने त्यावरून निवाडा करता येत नाही.

येथे एक फसगत संभवते. केबल जोडली म्हणजे निरोप तारेनेच जातो असे नाही. प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या कंट्रोलरची केबल कन्सोलला जोडली तरी खेळताना निरोप बिनतारीच जात असे. केबल विद्युतभरणापुरती होती. २०१६ साली आलेल्या सुधारित कंट्रोलरला तारेने निरोप देता येतो, पण त्यासाठी Communication Method या पर्यायात Use USB Cable निवडावे लागते. तारेचा खरा उपयोग दिसतो तो बिनतारी निरोपांत अडथळा येतो तेथे. कन्सोल लाकडी कपाटात किंवा धातूच्या वस्तूंमागे असेल, किंवा आसपास वायफायची गर्दी असेल, तर काही निरोप पुन्हा पाठवावे लागतात. तेव्हा सरासरी फारशी वाढत नाही, पण दहा मोजण्यांतल्या एकदोन एकदम लांबतात. हीच त्या दोषाची खूण.

गेम मोडलाही मर्यादा आहेत. चित्र काहीसे फिके वाटते. अनेक संचांवर तो ज्या एचडीएमआय खाचेत कन्सोल जोडला असेल तेवढ्यापुरताच लागू होतो. केबल दुसऱ्या खाचेत गेली की जुना विलंब परत येतो. आणि गेम मोड असतानाही हालचाल गुळगुळीत करण्याची सोय काही संच देतात. ती चालू केली की वाचवलेला वेळ पुन्हा खर्ची पडतो.

त्या तरुणाने कंट्रोलर विकत घेतला नाही. संध्याकाळी त्याची बॅट पुन्हा वेळेवर फिरू लागली. जो चेंडू हुकला, तो मात्र आता त्याच्या स्वतःच्या चुकीने हुकत होता.