आधी जमिनीवरून

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, फुटबॉलचे नियम मी सांगत बसत नाही. दिल्लीत राहून आंबेडकर स्टेडियम ठाऊक नाही असं इथे कुणी नसावं. माझा आग्रह एकच : इनसाइड पास पक्का होईपर्यंत मुलाला चेंडू उचलू देऊ नका.

(मागून : "जॅक्सनचा गोल तर हवेतूनच आला!")

हे कुणीतरी काढणार, याची खात्री होती! ९ ऑक्टोबर २०१७, नेहरू स्टेडियम, सतरा वर्षांखालील विश्वचषक. कोलंबिया एका गोलने पुढे. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आला, जॅक्सन सिंगने हेडर मारला आणि फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल झाला. त्या रात्री दिल्लीत कोण ओरडलं नाही? मीही ओरडलो. पण पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा गोल केला आणि आपण २-१ हरलो. शिवाय कॉर्नरला चेंडू थांबलेला असतो, मारणाऱ्याच्या अंगावर कुणी धावून येत नाही. चालू खेळात एवढी सवड मिळत नाही, साहेब. (हशा)

तर इनसाइड पास. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला, वीतभर अंतरावर. त्याचा अंगठा साथीदाराकडे. मारणारा पाय बाहेर वळवलेला, घोटा घट्ट, आणि आघात चेंडूच्या मध्यावर. चेंडू उड्या मारत गेला तर समजा, पाय मध्याच्या खाली लागला किंवा अंग मागे झुकलं. दहा-पंधरा मीटरपर्यंत वाट मोकळी असेल तर हाच पास. मे महिन्यातल्या टणक, खडबडीत मैदानावर तो उसळतो, हे मान्य. तिथे अंतर कमी ठेवा. जानेवारीत दव पडलेल्या गवतावर चेंडू जास्त सरकतो, तेव्हा जोर कमी करा.

ड्रिव्हन पास लांबचा : पंचवीस-तीस मीटरवरचा साथीदार मोकळा आहे, पण वाट बंद होत चालली आहे. इथे बुटाची नाडी चेंडूवर, बोटं खाली, गुडघा चेंडूच्या वर. गुडघा मागे राहिला की चेंडू वर चढतो आणि वाटेतल्या बचावपटूला सापडतो. समोरच्याला वेगवान चेंडू थांबवता येतो का, हेही आधी पाहा.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. चिपवर अन्याय होतोय, पण तो मी ठरवून केलेला नाही! (हशा) बचावपटू वाटेत उभा आणि त्याच्यामागे जागा रिकामी, तरच चिप. बुटाचं टोक चेंडूखाली झटक्याने घालायचं आणि पाय तिथेच थांबवायचा. चेंडू उलटा फिरत वर जातो आणि पडल्यावर फार पळत नाही. मैदान टणक असेल तर बुटाचं टोक जमिनीवर आपटतं.

पालकांना एवढंच सांगतो : रविवारी मैदानावर मुलाचे गोल मोजू नका. त्याचे किती पास साथीदाराच्या पायापर्यंत पोचले, ते मोजा.