काळा चष्मा आणि पहिला बाक

अल्बिनिझम घेऊन जन्मलेल्या मुलाला काळा चष्मा दिला की कर्तव्य संपले, असा समज आढळतो. बुबुळात रंगद्रव्य अत्यल्प असल्याने प्रकाश बाहुलीबरोबरच बुबुळातूनही आत झिरपतो आणि डोळे दिपतात. तेवढे दिपणे रंगीत भिंगाने कमी होते. परंतु दृष्टिपटलावरील तीक्ष्ण दृष्टीचा मध्यभागच पुरता घडलेला नसतो. ही उणीव कोणतेही भिंग भरून काढीत नाही.

समजा, चौथीतील अशा मुलाची नंबराच्या चष्म्यासह दृष्टी ६/३६ आहे. म्हणजे निकोप डोळ्याला ३६ मीटरवरून वाचता येणारे अक्षर त्याला ६ मीटरवर वाचता येते. तो फळ्यापासून ६ मीटरवर, खिडकीकडे तोंड करून बसतो. वर्गात गडद भिंग दिले तर दिपणे थांबते, पण फळाही काळवंडतो. मूल चष्मा वारंवार कपाळावर सारू लागले, की छटा अधिक गडद झाली असे समजावे. त्याला खिडकीकडे पाठ करून २ मीटरवर बसविले, तर तेच अक्षर डोळ्याला तिप्पट मोठे होते. आणि यास पैसा लागत नाही!

तेव्हा आधी नंबर तपासावा, मग त्याच भिंगांना छटा द्यावी: वर्गासाठी फिकट, मैदानासाठी गडद व अतिनील किरण अडविणारी. कडेने शिरणाऱ्या उजेडासाठी रुंद काठाची टोपी हवीच. पुस्तक नाकाशी धरल्याबद्दल मात्र मुलाला रागावू नये. त्याने डोळे बिघडत नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील अल्पदृष्टीच्या व्याख्येत ६/३६ बसते, हे कार्यकर्त्यांनी पालकांच्या कानी घालावे.