आधी ऐका, मग सांगा

सालेकसा तालुक्यातल्या आश्रमशाळेत दिवाळीनंतर परतलेली सातवीतली मुलगी वही उघडत नाही, असं समजा. शिक्षक लगेच वेळापत्रक आखून देतात. विल्यमसनच्या निर्देशात्मक समुपदेशनाची ही वाट विषयनिवड किंवा अभ्यासाच्या सवयींसाठी चांगली. पण कारणच माहीत नसताना सल्ला कशावर द्यायचा? म्हणून सुरुवात कार्ल रॉजर्सच्या अनिर्देशात्मक पद्धतीने व्हावी: "घरून आल्यापासून गप्प आहेस," एवढं म्हणून थांबायचं. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलीला मराठीत शब्द सापडायला वेळ लागतो. वर्गात चाळीस मुलं असताना हे जमेल का? रोज नाही, पण जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं निघतात.

ऐकणं म्हणजे उपचार नव्हे. मरगळ, झोप उडणं, खेळ सुटणं दोन आठवडे टिकलं, तर तज्ज्ञाकडे पाठवावं. अंग दुखतं म्हणाली, तर सिकलसेलची तपासणीही करावी; या भागात तो आजार आढळतो. मरणाची भाषा आली, तर वाट पाहू नये: मुलीला एकटं न सोडता त्याच दिवशी गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात न्यावं. लैंगिक अत्याचार कळला, तर गुप्ततेचं वचन पाळता येत नाही. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा मोफत क्रमांक १४४१६ आहे, तो लिहून घ्या.