भाकरी कमी केली, चटणीवरचं तेल तसंच

आमच्या गटातल्या एका ताईंनी वजन कमी करायचं म्हणून भात सोडला. जेवताना दोनाच्या जागी एकच ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वाटीभर काकडी. दोन महिने झाले तरी काटा हलेना. "माझ्या अंगाला पाणीसुद्धा लागतं," असं त्या म्हणायच्या.

एकदा दुपारी आम्ही सोबत जेवायला बसलो. त्यांनी ताटात शेंगदाण्याची चटणी घेतली, मधे खड्डा केला आणि बाटलीतून तेलाची धार सोडली. आपण सगळ्याच तसं करतो. पापडाचं पीठ मोजायचा वजनकाटा जवळच होता. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखीच चटणी आणि तेल घ्यायला लावून दोन्ही वेगवेगळं मोजलं. चटणी 30 ग्रॅम भरली, तेल 25 ग्रॅम.

आता हिशेब बघा. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणजे 25 ग्रॅमला सव्वादोनशे. दाण्यातही निम्म्याच्या आसपास तेलच असतं, त्यामुळे चटणीच्या दीडशेच्या वर. दोन्ही मिळून पावणेचारशेच्या पुढे. 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीला 170 च्या आसपास धरा. म्हणजे ताईंनी एक भाकरी सोडली आणि दोन भाकऱ्यांपेक्षा जास्त तोंडी लावलं! तेलानं पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून ते जेवणात धरलंच जात नाही. काकडीवरचं दाण्याचं कूट आणि फोडणी तर आम्ही मोजलीही नव्हती.

चटणी बंद करू नका. दाणे चांगलेच आहेत, आणि थोडं तेल अंगाला लागतंच. ताईंनी एवढंच केलं: चटणी सपाट एक चमचा, साधारण 10 ग्रॅम, आणि तेल बाटलीतून न ओतता चहाच्या एका चमच्यानं. कोरडी लागली तर त्यात दही कालवायचं. कोथिंबीर-मिरचीची चटणी दाणे, खोबरं न घालता वाटली तर ती पोटभर खा. ठेचा मात्र तेलात परतलेला असेल, तर तेल मोजा.

पोरं सँडविचला लावतात ते मेयोनीज म्हणजे बहुतेक तेलच. बिनअंड्याचं म्हणजे हलकं, असं समजू नका. बाटलीमागे 100 ग्रॅमला किती कॅलरी आणि किती फॅट, ते वाचा. टोमॅटो सॉसमध्ये तेल जवळजवळ नसतं, पण साखर असते. चमचाभर चालेल, वाटीत ओतून घेऊ नका.

अंगावर पाजणाऱ्या किंवा रक्त कमी असलेल्या बायांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नये.

ताईंचं वजन सव्वा महिन्यात दीड किलो उतरलं. दुसरी भाकरी त्यांनी अजून सुरू केली नाही, पण तेलाची बाटली आता ताटाजवळ नसते, ओट्यावरच असते.