पहिल्या प्रकरणातली चिठ्ठी

(स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



दिवसा मी सॉफ्टवेअर लिहिते आणि रात्री जेवणं उरकल्यावर कुमारांसाठी कादंबरी लिहिते. तिची निवेदिका सोळा वर्षांची आहे. संयोजकांनी विचारलं, ‘पहिल्याच प्रकरणात वाचकाला पकडायचं कसं, ते सांगशील का?’ वेळ थोडा आहे, म्हणून एकाच पुस्तकाचं एकच प्रकरण उलगडून दाखवते.

सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ साली आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मुलांनी ती वाचली असेल. कॅटनिस ही सोळा वर्षांची मुलगी ती सांगते, तीही चालू वर्तमानकाळात. तिच्या राज्यात दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाची एक मुलगी आणि एक मुलगा चिठ्ठी काढून निवडतात आणि जीवघेण्या खेळात उतरवतात.

पहिल्या प्रकरणाचा बराचसा भाग वरवर साधा आहे. कॅटनिस जागी होते, जंगलात जाते, गेल नावाच्या मित्राबरोबर पाव आणि चीज खाते, मासे आणि स्ट्रॉबेरी विकते. मारामारी कुठेच नाही. पण लेखिका मध्येच हिशेब मांडते. बाराव्या वर्षी एक चिठ्ठी, पुढे दरवर्षी एक वाढते. घरी धान्य-तेल हवं असेल, तर माणशी एक जादा चिठ्ठी टाकायची. कॅटनिसच्या घरात तिघी. म्हणजे पाच वर्षांच्या पाच आणि धान्यापोटी पंधरा, अशा तिच्या २० चिठ्ठ्या झाल्या. गेलच्या ४२. धाकटी बहीण प्रिम बारा वर्षांची, तिची फक्त एक.

आता वाचक काय करतो? तो कॅटनिससाठी घाबरतो, गेलसाठी त्याहून जास्त. प्रिमची काळजी त्याला वाटत नाही, कारण आकडेच तसे आहेत. तिच्या ब्लाउजचं मागचं टोक बाहेर आलेलं असतं, कॅटनिस ते आत खोचते, तेव्हाही आपण नुसते हसतो. आणि प्रकरणाच्या शेवटी नाव निघतं ते प्रिमचं.

माझ्या मते पकड आहे ती इथे. भीती एका दिशेला वाढवत न्यायची आणि घाव दुसरीकडे घालायचा. पण ते दुसरं ठिकाण वाचकाच्या डोळ्यांसमोर सुरुवातीपासून असलं पाहिजे, नाहीतर ती फसवणूक होते. प्रिम पहिल्याच परिच्छेदात आहे.

आता हेच आपल्याकडच्या घरात करून बघू. निवेदिका अकरावीतली, आई डबे करून देते, वडील दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले. सुरुवात अशी करता येईल: ‘माझं नाव सायली. मी सोळा वर्षांची आहे. त्या पावसाळ्यात आयुष्य बदलणार आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.’ यातलं शेवटचं वाक्य सोळा वर्षांच्या मुलीचं नाहीच. ते आपल्या वयाच्या बाईचं आहे, मागे वळून बघणारीचं. पंचेचाळिशीतली बाई मध्येच बोलली की मुलं पुस्तक मिटतात.

त्याऐवजी: ‘आज पिशव्या एकवीसच होत्या. काल बावीस होत्या. मी विचारलं, तर आई म्हणाली, तू मोजत बसू नकोस, क्लासला जा.’

इथे सायली फक्त मोजते. अर्थ लावते तो चुकीचा लावते: गिऱ्हाईक तुटलं, आता क्लासची फी कशी भरायची? वाचकही तिच्या मागोमाग पैशांच्या काळजीत जातो. मध्ये एका ओळीत, सहज, येऊ द्यायचं की पोळ्या मात्र बावीस डब्यांच्याच लाटल्या होत्या. आणि मांडणीवरचा बाबांचा जुना डबा, झाकणावर नाव कोरलेला, आईने घासायला काढला होता. प्रकरणाच्या शेवटी सायली क्लास बुडवून पहाटे आईच्या मागे जाते, आणि तो डबा एसटी स्टँडवर कुणाच्या तरी हातात दिसतो. चेहरा नाही दाखवायचा. नावापाशी प्रकरण संपवायचं.

हे जमलं की नाही, ते कसं कळणार? ‘आवडलं का?’ असं विचारू नका, घरचे हो म्हणतात. शेवटचं पान काढून घ्या, एखाद्या नववी-दहावीतल्या मुलाला बाकीचं वाचायला द्या आणि विचारा, ‘पुढे काय होईल?’ ‘काय माहीत’ म्हणाला, तर भीती तयारच झालेली नाही. त्याने बरोब्बर ओळखलं, तर खूण फार ठळक झाली, त्या डब्याची ओळ छाटायची. तो ठामपणे चुकीचं सांगतो, मग शेवटचं पान वाचून मागची पानं उलटत ‘अरे, हे होतंच की इथे’ म्हणतो, तेव्हा समजायचं की जमलं.

प्रत्येक कादंबरीला ही रीत चालणार नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये नववीतला मुकुंद आपल्याला धरून ठेवतो तो बोलण्याच्या ढंगाने, त्याला असा धक्का लागत नाही. पण तसा आवाज सापडायला वेळ लागतो. पोळ्या मोजणं आज रात्रीपासून करता येतं.

माझ्या प्रकरणाच्या छापील प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, शेवटचं पान काढून. ज्यांची मुलं त्या वयाची आहेत त्यांनी एकेक न्यावी. शेवटचं पान माझ्याकडे आहे. मुलांनी आधी अंदाज कळवायचा, मग ते मिळेल.