पहिले मूल पस्तिशीत : तीन पिढ्यांच्या वयांचे गणित

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



अपत्यजन्माचा विचार साधारणतः आई आणि मूल या दोघांपुरता केला जातो. वास्तविक मूल जन्माला येते तेव्हा घरात एकाच वेळी आई, बाप, आजी आणि आजोबा यांचाही जन्म होत असतो. म्हणूनच पहिले मूल पंचविसाव्या वर्षी न होता पस्तिसाव्या वर्षी झाले, तर ही दहा वर्षे केवळ आईच्या वयात मिळविली जात नाहीत. घरातील प्रत्येक नात्याचे वय त्यामुळे पुढे सरकते. त्या सरकण्याचा हिशेब मांडणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभीच एक मर्यादा नमूद करणे इष्ट ठरेल. हा प्रश्न महाराष्ट्रातील सर्व कुटुंबांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत, राज्यातील वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले आढळले. तेथे आजही चिंता आहे ती लवकर येणाऱ्या मातृत्वाची. तथापि पदवी, स्पर्धा परीक्षा, नोकरीतील स्थैर्य, स्वतःचे घर या पायऱ्या एकामागून एक चढत असताना शहरात, आणि तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या कुटुंबांतही, पहिल्या अपत्याचे वय पुढे जात असल्याचे दिसते. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे राज्याचा एकूण जननदर १.७ इतका आहे. एक किंवा दोन मुलांच्या अशा कुटुंबात पहिले मूल केव्हा होते, यावर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून राहतात.

प्रकृतीच्या बाजूने दोन गोष्टी सांगणे पुरे आहे. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता वेगाने घटू लागते, आणि गरोदरपणातील रक्तदाब व मधुमेह यांचे प्रमाण वाढते. दुसरी गोष्ट गुणसूत्रांच्या दोषाची. डाऊन सिंड्रोम असलेले बालक जन्मण्याचा संभव पंचविसाव्या वर्षी सुमारे साडेबाराशेत एक असतो. तो पस्तिसाव्या वर्षी सुमारे साडेतीनशेत एक होतो. वाढ मोठी आहे. परंतु साडेतीनशेपैकी तीनशे एकोणपन्नास मातांना हा दोष नसलेलेच मूल होते, हेही ध्यानी घ्यावे. गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून हा धोका अजमावता येतो. त्यासाठी नावनोंदणी वेळेवर झाली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर केंद्रात येणाऱ्या मातेची ही संधी हुकते.

आता कुटुंबाकडे वळू. उदाहरणादाखल एक घर घ्यावे. घरातील लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या जन्माच्या वेळी तिची आई एकवीस वर्षांची आणि वडील सव्वीस वर्षांचे होते. या शिक्षिकेला पंचविसाव्या वर्षी मूल झाले असते, तर आजीचे वय शेहेचाळीस आणि आजोबांचे एक्कावन्न असते. पस्तिसाव्या वर्षी झाले, तेव्हा आजी छप्पन्न वर्षांची आणि आजोबा एकसष्ट वर्षांचे आहेत.

प्रथमदर्शनी यात तोटा दिसतो. परंतु नीट पाहिल्यास चित्र निराळे आहे. शेहेचाळीस वर्षांची आजी स्वतःच नोकरीत, शेतीत किंवा धाकट्या मुलांच्या शिक्षणात गुंतलेली असते. आजोबा सेवेत असतात. बाळंतपणासाठी लेक माहेरी आली तरी सव्वा महिना उलटताच आजीला आपल्या कामावर परतावे लागते. याउलट एकसष्टाव्या वर्षी आजोबा निवृत्त झालेले असतात, आजीच्या अंगावरच्या जबाबदाऱ्या उतरलेल्या असतात, आणि दोघांचेही हातपाय चालत असतात. बाळाला तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेक-शेगडी, डिंकाचे व अळिवाचे लाडू हे सारे ती आजी निगुतीने करू शकते. लेकीची प्रसूती रजा संपल्यावर दिवसभर बाळाला सांभाळण्यासही ती मोकळी असते. आईबापांच्या हाती स्थिर वेतन असते. म्हणजे उशिरा मूल होणाऱ्या या पहिल्या पिढीला आजीआजोबा नेमके सवडीच्या वयात लाभतात.

परंतु ही सोय उसनी आहे. ती शिक्षिकेच्या उशिरा झालेल्या मातृत्वातून आलेली नाही. तिच्या आईच्या लवकर झालेल्या मातृत्वातून ती आलेली आहे. आईने एकविसाव्या वर्षी मूल वाढविले म्हणून ती छप्पन्नाव्या वर्षी नातवंड उचलू शकते. आता हाच हिशेब एक पिढी पुढे न्यावा. शिक्षिकेच्या मुलीनेही पस्तिसाव्या वर्षी पहिल्या अपत्याचा विचार केला, तर त्या वेळी शिक्षिका सत्तर वर्षांची असेल. तिचे पती तिच्याहून तीन वर्षांनी मोठे असल्यास ते त्र्याहत्तर वर्षांचे असतील. त्या वयात गुडघे, दृष्टी आणि रक्तदाब यांचाच विचार आधी करावा लागतो. वर्षाच्या बाळामागे धावणे त्या आजीला झेपणारे नाही.

सहवासाच्या वर्षांतही हाच फरक दिसतो. आजी ऐंशी वर्षे जगते असे क्षणभर धरू. शेहेचाळिसाव्या वर्षी आजी झालेलीला नातवंडाच्या सहवासाची चौतीस वर्षे मिळतात. ती त्याचे लग्नही पाहते. छप्पन्नाव्या वर्षी आजी झालेलीला चोवीस वर्षे मिळतात. सत्तराव्या वर्षी आजी झालेलीला दहाच. नातवंड चौथी-पाचवीत असतानाच आजी त्याच्या आयुष्यातून निघून जाते. पणजीचे स्थानही असेच पुसट होते. प्रत्येक पिढीला एकविसाव्या-पंचविसाव्या वर्षी मूल होत असे, त्या घरात नव्या बाळाची पणजी सदुसष्टच्या आसपासची असे, आणि बारशाला चार पिढ्या एकत्र बसत. वर सांगितलेल्या घरात, दुसऱ्यांदा पस्तिशीत मूल होताना, पणजी हयात असलीच तर ती एक्याण्णव वर्षांची असेल.

या हिशेबातील सर्वांत अवघड जागा पुढची आहे. पहिले मूल पस्तिशीत झाले की दुसऱ्याचा विचार करण्यास दोन-चार वर्षेच उरतात, आणि पुष्कळ घरांत ते एकुलतेच राहते. ही एकुलती मुलगी पस्तीस वर्षांची होईल तेव्हा तिचे आईवडील सत्तरी गाठतील. म्हणजे घरात तान्हे बाळ येण्याचा आणि आईवडिलांना आधाराची गरज लागण्याचा काळ एकच असेल. पूर्वी तीन-चार भावंडांत वाटला जाणारा हा भार एकाच खांद्यावर येतो. पंचविशीत मूल होणाऱ्या घरात असे घडत नसे. कारण आईवडील सत्तरीला पोहोचत तेव्हा मुलगी पंचेचाळिशीची आणि तिची मुले कळती झालेली असत. आजीची भूमिका सांभाळणारीकडून सांभाळून घ्यावी लागणारीकडे वळण्यास पूर्वी वीस-पंचवीस वर्षे लागत. आता ती बाळाच्या पाळण्याजवळच वळू लागते.

पैशाचा हिशेबही याच धाग्यात येतो. शिक्षिका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा तिची मुलगी तेवीस वर्षांची असेल. पती निवृत्त होतील तेव्हा वीस वर्षांची. म्हणजे मुलीच्या पदवीचा ऐन खर्च वडिलांच्या निवृत्तीनंतर येतो. पंचविशीत मूल झाले असते तर वडिलांच्या निवृत्तीच्या वेळी ती तीस वर्षांची, कमावती असती. अशा कुटुंबाने दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. घराचे कर्ज मुलीच्या बारावीपूर्वी, म्हणजे वडिलांच्या वयाच्या पंचावन्नाच्या आत, फिटेल अशी मुदत घ्यावी. शिक्षणाची रक्कम निवृत्तीच्या रकमेतून न काढता ती पहिलीपासून वेगळी साठवावी. कारण निवृत्तीची रक्कम त्या दोघांच्या म्हातारपणाची आहे, आणि तिला हात लागला तर पुढे सारा भार त्या एकुलत्या मुलीवरच येतो.

आजीआजोबांवर झेपेल त्याहून अधिक भार पडत आहे, हे कसे ओळखावे? ती माणसे स्वतः तक्रार करीत नाहीत. नातवंडाचे करताना दमलो असे म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटते. परंतु खुणा दिसतात. आजीची रक्तदाबाची गोळी चुकू लागते. डोळ्यांची तपासणी, दवाखान्यातील नेमलेली तारीख पुढे ढकलली जाते. मंदिर, भजनी मंडळ, शेजारणीकडे जाणे बंद होते. बाळ बाहेर अंगणात न खेळता दिवसभर मोबाईलपुढे बसलेले असते, कारण त्याच्यामागे जाणे आजीला जमत नाही. यांपैकी दोन खुणा दिसल्या तरी घराने कामाची फेरवाटणी करावी. उचलणे, न्हाऊ घालणे, रात्री जागणे ही अंगमेहनतीची कामे आजीकडून काढून घ्यावीत. भरवणे, गोष्टी सांगणे, शाळेच्या वेळी घरी असणे, भाषा आणि सणवार शिकवणे ही कामे तिच्याकडे ठेवावीत. सत्तरीची आजी बाळाला कडेवर घेऊ शकत नाही. मांडीवर घेऊ शकते. हा फरक घराने समजून घेतला तर तिचे स्थान कमी न होता टिकते.

काढून घेतलेले काम कोणी करावे, येथे पंचायतीचा संबंध येतो. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी आहे. खरी ओढाताण सहा महिने ते तीन वर्षे या काळातील असते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये मिशन शक्तीअंतर्गत आणलेल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची तरतूद असून सहा महिन्यांपासूनची बालके तेथे घेता येतात. मातृत्व लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. मात्र गावागावांतील नोकरदार माता विखुरलेल्या असल्याने त्यांना गावातल्याच पाळणाघराची गरज असते. ग्रामसभेने अशा घरांची यादी करताना बाळाबरोबर आजीआजोबांचेही वय लिहावे. आजी पंचावन्नची असेल तर त्या घराची निकड वेगळी, सत्तरची असेल तर वेगळी. आशा कार्यकर्ती बाळाचे वजन घेण्यास घरी जाते तेव्हा त्याच भेटीत आजीचा रक्तदाब आणि औषधे यांची चौकशी व्हावी.

अपत्य केव्हा व्हावे हा निर्णय त्या पतिपत्नींचा आहे. त्यात शासनाने किंवा शेजाऱ्यांनी पडण्याचे कारण नाही. परंतु निर्णय घेताना ती दोघे केवळ आपले वय पाहतात. कागदाच्या एका बाजूला आपले वय, दुसऱ्या बाजूला चारही आजीआजोबांचे वय, आणि खाली बाळ दहा, वीस व पस्तीस वर्षांचे होईल तेव्हाची सर्वांची वये लिहिली, तर पुढची अडचण आजच दिसू शकते. वर सांगितलेल्या शिक्षिकेच्या घरात अशा कागदाच्या शेवटच्या ओळीत ‘मुलगी ३५, आई ७०, वडील ७३’ असे आकडे येतील. त्या ओळीची तयारी करण्यास तिच्या हाती आज पस्तीस वर्षे आहेत.